फिश टँकच्या व्हिडिओतला निळेपणा काढताना: आधी पांढरा सांभाळा, मग एकेक रंग

हॉलमध्ये तीन फुटी काचेची टाकी आहे, वर निळा-पांढरा एलईडी आहे आणि आत चार केशरी गोल्डफिश आहेत. समोर उभं राहून पाहिलं तर मासे झेंडूच्या फुलासारखे दिसतात. मोबाईलवर व्हिडिओ घेतला की तेच मासे विटकरी-तपकिरी होतात, त्यांची पांढरी पोटं आकाशी होतात आणि मागचं पाणी शाई कालवल्यासारखं दिसतं. जळगाव असो की धुळे, टाकी विकणाऱ्यांची आणि पाळणाऱ्यांची पहिली तक्रार हीच असते. हा रंग चांगल्यापैकी काढता येतो. मात्र तो नेमका कुठून आला ते आधी ओळखावं लागतं, कारण टाकीतला निळा आणि विहिरीतला हिरवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

दोष पाण्याचा किती, दिव्याचा किती

पाणी लाल प्रकाश शोषतं हे खरं आहे. शुद्ध पाण्यात एक मीटर अंतर कापताना लाल प्रकाश साधारण तीस टक्के कमी होतो, निळा जेमतेम एक-दोन टक्के. पण तीन फुटी टाकीत दिव्यापासून माशापर्यंत आणि माशापासून काचेपर्यंत प्रकाशाचा पाण्यातला प्रवास अर्ध्या मीटरच्या आसपासच असतो. तेवढ्यानं लाल सुमारे पंधरा टक्के घटतो. एवढ्याशा घटीनं मासा तपकिरी होत नाही.

खरा दोष दिव्याचा असतो. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. थंड पांढऱ्या दिव्यात निळा भाग भरपूर असतो आणि गडद लाल फार कमी. त्यात टाकीच्या दिव्यात शोभेसाठी आणखी निळे दाणे बसवलेले असतात. आपला डोळा या उजेडाला पाच मिनिटांत सरावतो, कॅमेरा सरावत नाही. म्हणून शक्य असेल तर शूटिंगपुरते निळे दाणे बंद ठेवा. बऱ्याच दिव्यांना पांढरा, निळा आणि दोन्ही असं तीन टप्प्यांचं बटण असतं. नुसत्या पांढऱ्यावर घेतलेल्या व्हिडिओत नंतरचं काम निम्म्यानं कमी होतं.

दोन छोट्या गोष्टी इथेच सांगून टाकतो. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, म्हणून जाड काचेतून थोडी हिरवी झाक येते. कॅमेरा काचेला तिरका धरला तर ती वाढते, तेव्हा लेन्स काचेला सरळ आणि जवळ ठेवा. दुसरी गोष्ट एप्रिल-मेची. खान्देशातल्या उन्हाळ्यात खिडकीजवळच्या टाकीत शेवाळ धरतं आणि पाणीच हिरवं होतं. तो हिरवेपणा एडिटिंगमध्ये काढायच्या फंदात पडू नका. पाव टाकी पाणी बदला, रात्रभर फिल्टर चालू द्या आणि दुसऱ्या दिवशी शूट करा.

शूटिंगच्या वेळी: टेफ्लॉनची पट्टी

एडिटिंगमध्ये पांढरं म्हणजे काय ते सांगणारी एक वस्तू त्याच पाण्यात, त्याच उजेडात दिसली पाहिजे. छपाईचा कागद यासाठी चालत नाही. तो पाण्यात टिकत नाही आणि त्यात उजळपणासाठी घातलेली रसायनं जांभळ्या-निळ्या उजेडात स्वतःच निळसर चमकतात. सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची वस्तू हार्डवेअरच्या दुकानात मिळते: नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप. सहा इंची प्लॅस्टिकच्या पट्टीवर तिचे दहा-बारा थर घट्ट गुंडाळा, म्हणजे खालच्या पट्टीचा रंग वर डोकावत नाही. पट्टीच्या एका टोकाला साध्या केशरी प्लॅस्टिकच्या झाकणाचा तुकडा दोऱ्यानं बांधा. तो चमकदार रेडियमसारखा नको. याचा उपयोग शेवटी कळेल. पट्टी धुऊन घ्या, तळाशी एक गोटा बांधा आणि मासे जिथे जास्त फिरतात त्या खोलीवर, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी करा.

मग मोबाईलच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये सगळं लॉक करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला तर केशरी मासा फ्रेममध्ये आला की कॅमेरा चित्र आणखी निळं करतो आणि तो बाहेर गेला की परत सोडतो. एका क्लिपमध्ये दहा वेळा रंग बदलला की नंतर कोणतीही एक दुरुस्ती तिला लागू पडत नाही. केल्विनचा आकडा वर नेत जा, पट्टी पांढऱ्याच्या जवळ येईल तिथे थांबा. निळ्या-पांढऱ्या दिव्याखाली तो आकडा आठ-दहा हजारांपर्यंत जातो आणि काही मोबाईल तिथे पोचतच नाहीत. जेवढं जमेल तेवढं इथेच करून घ्या. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे या वेगांवर पट्टे दिसायची शक्यता कमी असते. एचडीआर व्हिडिओ बंद करा. खोलीतली ट्यूब बंद करा, खिडकीवर पडदा ओढा आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा. टाकीवर दोन रंगांचे उजेड पडले, वरून निळा आणि बाजूनं उन्हाचा पिवळा, तर एकच व्हाइट बॅलन्स दोन्हींना कधीच पुरत नाही.

उजेडाचं माप घेताना एक चूक फार होते. चित्र डोळ्याला छान उजळ दिसेपर्यंत एक्स्पोजर वाढवलं जातं, तेवढ्यात निळा चॅनेल, म्हणजे चित्राच्या लाल-हिरवा-निळा या तीन भागांपैकी निळा, वर टेकतो. मासा पृष्ठभागाजवळ दिव्याखाली आला की त्याच्या पांढऱ्या पोटावरचा निळा कमाल मर्यादेला थांबतो. नंतर निळा कमी आणि लाल जास्त केला की ते पोट पिवळसर-गुलाबी होतं. तो डाग कशानंही जात नाही, कारण खरा निळा किती होता हे फाइलमध्ये उरलेलंच नसतं. म्हणून चित्र थोडं अंधारंच ठेवा. पट्टीचे सुरुवातीचे दहा सेकंद रेकॉर्ड करा, पट्टी काढा आणि रेकॉर्डिंग न थांबवता पुढे चालू ठेवा.

आधी मोजा: कोणता चॅनेल कुठे आहे

खालचं काम डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत होतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावं बदलतील, तर्क तोच राहील. Color पानावर जा, स्कोप उघडा आणि Parade निवडा. लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे शेजारी-शेजारी दिसतात आणि उभी मोजपट्टी 0 ते 1023 असते. टेफ्लॉनची पट्टी दिसते त्या फ्रेमवर व्हिडिओ आणा आणि चित्र एवढं मोठं करा की पट्टीचा उंचवटा Parade मध्ये सहज ओळखू येईल.

आपल्या टाकीचं उदाहरण घेऊ. पट्टीचं वाचन लाल 310, हिरवा 560, निळा 760. तळाच्या काळ्या खडीची सावली लाल 40, हिरवा 60, निळा 90. या सहा आकड्यांत सगळं निदान आहे. निळा वर आहे पण टेकलेला नाही. लाल खाली आहे, पण त्याच्यात जीव आहे: पट्टीवर आणि खडीवर त्याचे आकडे वेगळे येतात, म्हणजे चित्राचा तपशील त्याच्यात नोंदला गेलाय. व्हाइट बॅलन्स म्हणजे प्रत्येक चॅनेलला एका आकड्यानं गुणणं. जो चॅनेल नुसती सपाट रेघ आहे त्याला कितीही गुणलं तरी रंग येत नाही, फक्त दाणे, म्हणजे चित्रातले खरखरीत ठिपके, वाढतात. म्हणून हे मोजणं वगळून थेट स्लायडरला हात घालू नका.

व्हाइट बॅलन्स: गुणाकार

मधल्या चॅनेलला, म्हणजे हिरव्याला, जागेवर ठेवा आणि बाकीचे दोन त्याच्याकडे आणा. लालसाठी 560 भागिले 310, म्हणजे 1.81. निळ्यासाठी 560 भागिले 760, म्हणजे 0.74. पहिल्या नोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या पहिल्या चौकटीत, Primaries उघडा आणि सगळ्यात आधी Lum Mix 100 वरून 0 करा. हे विसरलं की एक चॅनेल हलवताना सॉफ्टवेअर उजळपणा सांभाळायला बाकीचे दोनही हलवतं आणि आकडे कधी जुळतच नाहीत. आता Gain खाली लालच्या रकान्यात 1.81, हिरव्यात 1.00, निळ्यात 0.74 टाका.

Parade कडे पाहा. पट्टी तिन्हींत 560 च्या आसपास एका रेषेत आली पाहिजे. खडीची सावली आता लाल 72, हिरवा 60, निळा 67 च्या जवळ असेल. म्हणजे काळ्यात किंचित लाली राहिली. काळे भाग वर-खाली करणाऱ्या Lift चा लाल साधारण -0.01 नं खाली घ्या, त्यानं पट्टीचा लाल थोडा हलला तर Gain परत दुरुस्त करा. दोन फेऱ्यांत दोन्ही टोकं जुळतात.

Temp आणि Tint चे स्लायडर किंवा पांढरं टिपायचा ड्रॉपर वापरला तर चालत नाही असं नाही. सौम्य रंग असेल तर ड्रॉपर पट्टीवर टिचकला की काम होतं. पण आकड्यांनी केलेलं काम लिहून ठेवता येतं. तोच दिवा, तीच टाकी, तेच मोबाईलचं सेटिंग असेल तर पुढच्या महिन्यातल्या क्लिपलाही तेच आकडे लागतात. दुकानदाराला आठवड्याला दहा व्हिडिओ टाकायचे असतात, त्याच्यासाठी हा मोठा फरक आहे.

लालचा गुणक दोनपर्यंत असेल तर मोबाईलची फाइल बहुतेक वेळा ते सोसते. त्याच्या वर गेलात की अंधाऱ्या भागात लाल-जांभळे दाणे हलताना दिसू लागतात. ते दिसले तर पूर्ण पांढऱ्याचा हट्ट सोडा आणि गुणक 1.6 वर थांबवा. पट्टी किंचित निळी राहिली तरी डोळ्याला ते पाण्याचंच वाटतं. घाणेरडे दाणे मात्र प्रत्येकाला खटकतात.

निवडक सॅच्युरेशन: इथे हात हलका

पट्टी पांढरी झाली तरी चित्र अजून पूर्ण बरं दिसत नाही. पोटाखालच्या सावलीत आकाशी झाक राहते, मागच्या काचेजवळचं पाणी भडक असतं आणि माशाचा केशरी अजून दबलेला वाटतो. याला कारण आहे. व्हाइट बॅलन्स सगळ्या फ्रेमला एकच गुणाकार लावतो, पण मागच्या भागातून येणारा प्रकाश जास्त पाण्यातून येतो आणि सावलीत पोचणारा प्रकाश टाकीच्या भिंतींवर आपटून येतो. त्यांचा रंग पट्टीपेक्षा वेगळा असतो. इथे बहुतेक जण मुख्य Saturation वाढवतात. त्यानं केशरी वाढतो खरा, पण पाण्याचा निळाही तेवढाच वाढतो आणि केलेलं काम वाया जातं.

Alt+S नं दुसरा नोड जोडा आणि Curves मध्ये Hue Vs Sat उघडा. आडव्या रेषेवर रंग पसरलेले असतात. रेष वर ओढली की तो रंग गडद होतो, खाली ओढली की फिका. लाल रंग दोन्ही टोकांना असतो, कारण मुळात हे वर्तुळ आहे आणि ते उलगडून सरळ ठेवलंय. आधी चित्रातल्या मागच्या पाण्यावर क्लिक करा. रेषेवर तीन बिंदू उमटतात, मधला नेमका त्या पाण्याचा रंग. हा मधला बिंदू 0.60 च्या आसपास आणा.

आता झाडांकडे पाहा. हिरवा रंग आकाशीच्या शेजारीच बसतो, त्यामुळे ओढलेली दरी रुंद असेल तर पानं राखाडी पडतात. हिरव्यावर एक बिंदू ठेवून तो 1.00 वर रोवून टाका, म्हणजे दरीची कड तिथेच थांबते. दुसऱ्या बाजूला जांभळ्यावरही असाच एक खुंटा ठोका. पाण्याचा रंग शून्यावर नेऊ नका. राखाडी पाण्यातला मासा हवेत टांगल्यासारखा दिसतो. पांढरं पांढरं, मासा केशरी आणि मागे हलकं निळं पाणी, असं चित्र डोळा लगेच खरं मानतो.

मग माशावर क्लिक करा आणि केशरीचा बिंदू 1.15 वर न्या, फार तर 1.25. त्यापुढे जायचा मोह होईल, पण मोबाईलची फाइल रंग पूर्ण बारकाव्यानं साठवत नाही. चार पिक्सेलच्या चौकोनामागे रंगाची एकच नोंद असते. रंग फार ओढला की झिरमिरीत शेपटीच्या कडेला चौकोनी पायऱ्या आणि केशरी सांडलेला दिसतो. चित्र 200 टक्के मोठं करून शेपटी तपासा. पायऱ्या दिसल्या तर 0.05 नं मागे या.

शेवटची वळणरेषा Lum Vs Sat. तिचं डावं टोक म्हणजे काळा भाग. तिथला बिंदू 0.40 पर्यंत खाली घ्या आणि साधारण पाव अंतरावर दुसरा बिंदू 1.00 वर ठेवा. लाल वाढवल्यामुळे सावलीत आलेले रंगीत दाणे यानं फिके पडतात. दाणे तिथेच असतात, पण बिनरंगी झाल्यामुळे डोळा त्यांना सोडून देतो. काळी मूर मासोळी असेल तर हे जपून करा, तिच्या अंगावरची तांबूस चमक याच भागात असते.

बरोबर आलंय हे कसं कळतं

डोळ्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. वीस मिनिटं निळं चित्र पाहिल्यावर थोडं निळं चित्रही पांढरं वाटू लागतं. मॉनिटरचा नाइट मोड बंद ठेवा, खोलीत पिवळा बल्ब नको. Vectorscope, म्हणजे रंगाची दिशा दाखवणारा गोल स्कोप, उघडा आणि पट्टीच्या फ्रेमवर या: पट्टीचा ठिपका बरोबर मध्यावर बसला पाहिजे. पाण्याची शेपटी आकाशी आणि निळ्याच्या खुणांकडे आखूडशी दिसेल, तेवढी राहू द्या.

केशरी झाकण इथे कामाला येतं. तेच झाकण टेफ्लॉनच्या पट्टीसह सकाळी अंगणातल्या मोकळ्या सावलीत त्याच मोबाईलनं चित्रित करून ठेवा आणि त्या क्लिपमध्येही पट्टी मध्यावर आणा. त्या क्लिपमध्ये झाकणाची रेघ Vectorscope वर लाल आणि पिवळ्याच्या मध्ये ज्या दिशेला जाते, टाकीतल्या क्लिपमध्येही ती साधारण त्याच दिशेला गेली पाहिजे. ती लालकडे झुकली असेल तर लालचा Gain जास्त झालाय किंवा हिरवा कमी पडलाय. लांबी थोडी आखूड असेल तर काळजी नको, दिशा महत्त्वाची. माशाला बाहेर काढून रंग तपासायची गरज उरत नाही.

पट्टीच्या फ्रेमवर जमलं की पूर्ण क्लिप चालवून पाहा. मासा वर दिव्याखाली जातो आणि खाली खडीवर येतो, ती दोन टोकं मुद्दाम थांबवून पाहा.

विहिरीतला हिरवा

यावल-रावेरकडे केळीच्या मळ्यातल्या विहिरीत पोहताना ॲक्शन कॅमेरा पाण्याखाली नेऊन काढलेले व्हिडिओ खूप असतात. तिथे वरची कृती जशीच्या तशी लावली की चित्र आणखी बिघडतं. विहिरीच्या पाण्यात शेवाळ आणि कुजलेल्या पाल्याचा अंश असतो. तो निळाही खातो, लाल तर पाणीच खातं, आणि उरतो हिरवा. Parade मध्ये हिरवा 520, निळा 300, लाल 90 असं काहीसं दिसतं. सगळ्यात उंच चॅनेल हिरवा असल्यामुळे Temp हलवून काही होत नाही, Tint आधी किरमिजीकडे न्यावा लागतो.

अडचण लालची आहे. ऊन तीन मीटर खाली उतरलं आणि दोन मीटर आडवं कॅमेऱ्यापर्यंत आलं, तर शुद्ध पाण्यातही लालचा सुमारे सहावा भागच उरतो, आणि विहिरीचं पाणी शुद्ध नसतं. लालला पावणेसहानं गुणलं तर नुसते दाणे नाचतात. इथे RGB Mixer उघडा, Preserve Luminance ची खूण काढा आणि लालच्या गटात हिरव्याचा रकाना 0.00 वरून 0.35 करा. लाल आता 90 अधिक 182, म्हणजे 272 झाला. यापुढचा गुणक दोनच्या आत राहतो, मग नेहमीसारखा Gain जुळवा. पण हा लाल हिरव्याची नक्कल आहे. त्यानं चेहरा हिरवट-राखाडीतून माणसासारखा होतो, लाल चड्डीचा लाल मात्र परत येत नाही.

तो हवाच असेल तर पाण्याखाली उजेड न्यावा लागतो. पांढरा टॉर्च विषयापासून अर्ध्या मीटरच्या आत धरला तर लालला प्रवासच थोडा करावा लागतो आणि तो फाइलमध्ये उतरतो. टॉर्च नसेल आणि ऊन चांगलं असेल तर लेन्सवर किरमिजी फिल्टर लावा. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो, हिरव्या पाण्याला किरमिजीच लागतो. फिल्टर एकूण उजेड कमी करतो, म्हणून तो ऊन थेट पाण्यावर पडतं त्या दुपारच्या तास-दोन तासांतच उपयोगी, आणि टॉर्च लावला की तो काढून ठेवायचा, नाहीतर जवळचा चेहरा गुलाबी होतो.